लाल दिवा आणि दोन ठोके

मला चिडायला वेळ लागत नाही. ही गोष्ट आमच्या घरात, बिल्डिंगमध्ये आणि स्नेहलतागंजातल्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लेकीला गाडी मीच शिकवणार असं मी जाहीर केलं तेव्हा यांनी हातच जोडले.

"अगं, एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घाल तिला. तुम्ही दोघी बोलायच्या बंद झालात की मधल्या मध्ये माझं मरण."

"तिथे क्लच-ब्रेक शिकवतात," मी म्हटलं. "गाडी काय सांगते ते कोणी शिकवत नाही."

पहिले काही दिवस मी तिला गाडी हलवूच दिली नाही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोघी बसायचो, ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. स्टिअरिंगमागच्या मीटरवर सगळे दिवे एकदम पेटायचे. तिला आधी हसू यायचं. "आई, दिवाळी आली."

"हसू नकोस. हे आत्ता पेटले म्हणजे दिवे जिवंत आहेत. इंजिन चालू झालं की विझले पाहिजेत. एखादा पेटलाच नाही, तर तो दिवा मेलाय, आणि वेळेला तो तुला काही सांगणार नाही. रोज बघायचं."

मग एकेक. हिरवा, निळा म्हणजे नुसती माहिती, इंडिकेटर चालू आहे, मोठा दिवा चालू आहे. पिवळा म्हणजे गाडी कुरकुर करतेय. पेट्रोल संपत आलं, टायरमध्ये हवा कमी, इंजिनचं काहीतरी बिघडलंय. घाबरायचं नाही, सावकाश घरी जायचं, दुसऱ्या दिवशी गॅरेज. फक्त तो इंजिनचा पिवळा लुकलुकायला लागला आणि गाडी झटके द्यायला लागली, तर पाय हलका करून जागा बघून थांबायचं. आणि लाल म्हणजे थांब. तेलाच्या किटलीचं चित्र लाल झालं तर लगेच बाजूला घे आणि इंजिन बंद कर, नाहीतर थोड्या वेळात इंजिन भंगारात. थर्मामीटरचं चित्र लाल झालं तरी थांब, आणि रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नकोस, वाफेने तोंड भाजेल. बॅटरीच्या लालला जरा सवलत आहे, पण त्यातही गाडी मध्येच बंद करायची नाही, जवळचं गॅरेज गाठायचं.

"आणि हा?" तिने बोट ठेवलं. गोल, गोलात उद्गारचिन्ह.

"हा ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला असला तरी हाच पेटतो, आणि ब्रेकचं तेल कमी झालं तरी हाच. म्हणून आधी हँडब्रेक बघायचा. तो पूर्ण खाली असेल आणि तरी हा पेटलेला असेल, तर थांब. मला विचारू नकोस, बाबांना विचारू नकोस, मागून कोण हॉर्न मारतंय ते बघू नकोस. लाल म्हणजे विचारायचं नाही."

तिने ते पाठ केलं. पाढे म्हणावेत तसं घरभर म्हणत फिरायची. हे पेपरमागून हसायचे. मग मी तिला रोज सकाळी रस्त्यावर न्यायला लागले.

आता यांचं सांगते. हे गाडी छान चालवायचे, पण गाडीचं ऐकायचे नाहीत. गाडीचंच काय, स्वतःचंही ऐकायचे नाहीत. गेले काही महिने वळणावर तोच लाल गोल क्षणभर पेटायचा आणि विझायचा. पेटला की हे डाव्या मुठीने हँडब्रेकच्या दांड्यावर दोन ठोके मारायचे. ठक ठक. दिवा विझायचा. "स्विच ढिला झालाय," म्हणायचे. मी म्हणायची, एकदा दाखवून घ्या. "सर्व्हिसिंगला दाखवू." सर्व्हिसिंग आज, उद्या, पुढच्या महिन्यात. मी आरडाओरडा केला तर म्हणायचे, "तू हिला शिकव, मला नको." आणि ठोका मारला की दिवा विझायचा हे तर खरंच होतं. डोळ्यांसमोर विझायचा. मग मी तरी काय बोलणार?

नंतर कळलं की तो ठोक्यांनी विझतच नव्हता. ब्रेकच्या टाकीतलं तेल खालच्या रेषेवर आलेलं, वळणावर ते एका बाजूला कलंडायचं की दिवा लागायचा, गाडी सरळ झाली की आपोआप विझायचा. तेवढ्यात यांचे दोन ठोके होऊन जायचे. पण घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं ते ठोक्याचंच. मोठ्या दिरांच्याही. ते सरकारी गाडीत, सरकारी ड्रायव्हरमागे बसून आयुष्य काढलेले, स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांना भावाचे हे ठोके फार आवडायचे. पाहुण्यांना सांगायचे, "आमचा भाऊ गाडीला थापड मारून सरळ करतो, भिया."

मग तो दिवस. बेटम्याला यांच्या मित्राकडे वास्तुशांत होती. परत येताना हे गाडी चालवत होते. मध्येच डाव्या हाताने छातीवर चोळायला लागले.

"काय होतंय?"

"काही नाही. तिथल्या कचोऱ्या. ऍसिडिटी."

घाम फुटला होता. एसी चालू होता तरी कपाळ ओलं. मी म्हटलं, थांबवा, मी चालवते, वाटेत कुठेही दवाखाना दिसेल तिथे जाऊ. माझा आवाज चढला होता. हे म्हणाले, "घरी जाऊन बघू. गोळी आहे घरी." आणि काय केलं माहीत आहे? छातीवर मुठीने दोन ठोके मारले. ढेकर यावा म्हणून. मागच्या सीटवर लेक बसली होती. तिने पण पाहिलं.

घरी पोचलो. बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर हे बसले ते उठलेच नाहीत. दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. आम्ही त्याच्यासमोरून गाडी घेऊन घरी आलो होतो.

यावर मला फार लिहिता येत नाही. राग येतो. अजून येतो.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन खेडीघाटला, नर्मदेवर जायचं होतं. अग्नी लेकीने दिला होता, अस्थीही तिनेच वेचल्या होत्या. मोठे दीर त्याला हो म्हणाले होते, पण त्यांचं एक होतं. आमच्या सासरचं घराणं जुनं, संस्थानाच्या फौजेतलं, आणि त्यांच्याकडची पद्धत अशी की अस्थी एकदा स्मशानातून उचलल्या की नदीपर्यंत वाटेत थांबायचं नाही आणि तांब्या जमिनीला टेकवायचा नाही. थांबलं तर गेलेला माणूस तिथेच रेंगाळतो म्हणतात. मी असल्या गोष्टींवर एरवी फणफणले असते. त्या दिवशी माझ्यात फणफणायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, बरं, नाही थांबायचं.

दीर टॅक्सी सांगत होते. लेक ऐकेना. "बाबा त्यांच्या गाडीने जातील." मी चालवणार होते. स्मशानाबाहेर गाडीत बसले, किल्ली काढली, आणि ती भोकात जाईना. हात असा थरथरत होता की किल्ली भोकाच्या चहूबाजूंनी फिरत होती. लेकीने माझ्या हातातून ती काढून घेतली.

"तू शेजारी बस. तांब्या घे मांडीवर. मी चालवते."

"तुझं शिकाऊ लायसन्स आहे."

"तू शेजारी आहेस ना. मागे एल लावलाय."

मी तिच्याकडे पाहिलं. तीन दिवसांत गाल आत गेले होते. पण हात स्थिर होते. मी मनात म्हटलं, सिमरोलपर्यंत रस्ता सपाट आहे, तिथे आपण स्टिअरिंग घेऊ, घाट आपण उतरवू. तोवर हात थांबतील. भेरूघाट काही पोरीच्या हाती द्यायचा नाही.

तांब्याला लाल कापड बांधलं होतं. तो माझ्या मांडीवर, सीटबेल्टच्या आत. दीर मागे. लेकीने किल्ली अर्धी फिरवली, दिवे पेटले, ती थांबली, एकेक बघितला, मग इंजिन चालू केलं. सगळे विझले. मला आत बरं वाटलं आणि लगेच वाटलं, आता तरी कशाला.

तेजाजी नगरपर्यंत ठीक चाललं. मी सवयीने माझ्या बाजूला पाय दाबत होते. जिथे ब्रेक नाही तिथे. एका स्पीडब्रेकरला तिने ब्रेक मारला आणि म्हणाली, "आई, पाय जरा खोल गेला."

"खोल म्हणजे?"

"रोज जिथे धरतो तिथे नाही धरला. आणखी खाली."

"झोप नाही झालीये तुझी," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं. सगळंच त्या दिवसांत खोल जात होतं.

पुढे एका वळणावर लाल गोल पेटला. क्षणभर. विझला. तिने हँडब्रेकला हात लावून पाहिला. पूर्ण खाली होता. मागून दीर म्हणाले, "अरे ते त्याचंच. स्विच ढिला आहे. दोनदा ठोक, बाळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठोक."

तिने ठोकला. ठक ठक. दिवा पुन्हा लागला नाही. दीर मागे हलकंसं हसले, पहिल्यांदाच त्या दिवसांत. "बघ. अगदी त्याच्यासारखं." मला पण त्या आवाजाने भरून आलं. तांब्या घट्ट धरला.

पुढे सिमरोल आलं. मी म्हटलं, "बाजूला घे, आता मी बसते." दीर लगेच पुढे वाकले. "थांबायचं नाही असं ठरलंय ना. छान चालवतेय की ती. घाटात सगळे हळूच जातात." मी म्हटलं, घाट आहे, दादा. ते म्हणाले, "त्याला मध्येच कुठे ठेवणार आहेस?"

हे वाक्य असं लागलं की माझी जीभच अडकली. यांना रस्त्याच्या कडेला ठेवायचं?  सिमरोल मागे गेलं. मला आता सांगायला सोपं वाटतं, पण तेव्हा भीतीचे दोन तुकडे झाले होते. एक पोरीने घाट उतरवण्याची, आणि दुसरी यांना मध्येच सोडून देण्याची. दुसरी जिंकली.

तिथून रस्ता वर चढायला लागला. समोर ट्रकांची रांग, रस्त्याचं काम चालू, धुळीने काच पिवळी झालेली. मागे एक डंपर इतका जवळ की आरशात त्याचं तोंडच दिसायचं. आणि त्या चढावर लाल गोल पेटला. या वेळी विझला नाही.

तिने हँडब्रेक चाचपला. खाली.

दीर म्हणाले, "ठोक."

तिने ठोकला नाही. दिवा तसाच. मला तो लाल गोल आजही डोळे मिटले की दिसतो. पुढे रस्त्याच्या कडेला पाटी होती, आगे घाट, तीव्र ढलान, धीरे चलें. त्या पाटीच्या पलीकडे रस्ता नुसता खाली पडतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये ट्रक.

"ठोक गं," मीच म्हटलं. माझ्याच तोंडून निघालं. "स्विच आहे तो. बाबा नेहमी ठोकायचे. उतरून जाऊ, खाली बघू."

तिने डावा इंडिकेटर दिला.

"काय करतेस? मागे डंपर आहे!"

"थांबतेय."

"अगं, अस्थी आहेत!" दीर ओरडले. "मध्ये थांबायचं नसतं! पुढे घेऊन चल, घाटाखाली बडवाह्याला गॅरेजात दाखवू!"

ती माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडेच बघत होती. आवाज मात्र फुटला होता. "आई, तू म्हणालीस लाल म्हणजे तुलाही विचारायचं नाही. मी विचारत नाहीये. बाबा पण म्हणाले होते, घरी जाऊन बघू. त्यांनी पण दोनदा ठोकलं होतं."

 मागचा डंपर भोंगा वाजवत होता, एकसारखा. तिने पाय उचलला, चौथा काढून तिसरा टाकला, तिसरा काढून दुसरा. गाडी इंजिनने हळू झाली. मग तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि मी त्या पायाकडे पाहिलं. तो खाली जात राहिला, जात राहिला, जवळजवळ फळीला टेकला. गाडी अजून सरकत होतीच. चढ तिथे संपला होता, कडेला मुरूम टाकलेला होता, पुढे दगडांचा ढीग आणि त्यापुढे उतार.  तिने हँडब्रेक हळूहळू वर ओढला, एकेक खाच. मागची चाकं मुरमात घासली आणि गाडी ढिगाच्या हातभर अलीकडे थांबली.

डंपर शिव्या देत शेजारून गेला. अख्खी गाडी हलली त्याच्या वाऱ्याने.

तिने चारही इंडिकेटर लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली, किल्ली बंद केली, आणि मग दोन्ही हात तोंडावर ठेवून ती हमसाहमशी रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर मांडीवर तांब्या. एका हाताने तांब्या आणि एका हाताने तिचं डोकं धरलं.  इतकी भीती मला जिन्यातसुद्धा वाटली नव्हती. तिथे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इथे अजून व्हायचं राहिलं होतं.

सिमरोलकडून एका टायरवाल्याला बोलावलं. तो बाइकवर आला, चाकांखाली दगड लावले, बॉनेट उघडलं. तेलाची पांढरी टाकी खालच्या रेषेच्याही खूप खाली. मग वाकून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला. चाक आतून ओलं चिंब होतं.

"आंटीजी, इधर से लीक है. आधा ब्रेक तो गया समझो."

दीर म्हणाले, "तेल टाकून चालणार नाही का? खालीच जायचं आहे, नदीवर."

"डालोगे तो निकल जाएगा, अंकलजी. घाट में पैर मारोगे और कुछ नहीं मिलेगा. इसको चलाना मत. टोचन करवाओ."

टोचन म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणं. त्याने फोन लावून दिला. आमच्यासाठी टॅक्सीही तिथूनच मागवली. दीर बाजूला जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. घाटाच्या पाटीकडे बघत होते. खांदे हलत होते त्यांचे.

टॅक्सी येईपर्यंत मी तांब्या धरून कडेला उभी होते. टेकवायचा नव्हता ना. हात भरून आले. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर धूळ तोंडावर येत होती. आणि मग मला राग आला. असा आला की तांब्याकडे बघून मी यांना काय बोलतेय ते मला स्वतःलाच ऐकू आलं.

"कळलं का तुम्हाला? कळलं? स्विच ढिला म्हणे! इतके महिने आम्हाला बसवून फिरवलंत त्या ठोक्यांवर. मला, पोरीला. माहेरी नेलंत, बेटम्याला नेलंत. आणि शेवटी स्वतःवर पण तेच केलंत. एवढी काय घाई होती घरी जायची? दवाखाना समोर होता हो. समोर होता."

लाल कापडावर धूळ बसली होती. ती मी पदराने पुसली. लेक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.  थोड्या वेळाने दीर आले आणि त्यांनी हात पुढे केले. "दे. तुझे हात दुखत असतील." मी तांब्या त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत छातीशी धरला आणि लेकीला म्हणाले, "बरं केलंस थांबलीस, पोरी." त्यापुढे थांबण्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

टॅक्सीतून घाट उतरलो. मी डोळे उघडेच ठेवले. प्रत्येक वळणाला मनात ब्रेक मारत होते आणि प्रत्येक वेळी पाय फळीपर्यंत जात होता. खाली दरीत झाडं, मध्ये एक ट्रक उलटलेला, कधीचा कोण जाणे. एका वळणावर लेकीने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. घाट संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

खेडीघाटला पाणी संथ होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, फुलं दिली. लेक गुडघाभर पाण्यात उतरली, मी तिच्या मागे. तिने कापड सोडलं आणि तांब्या कलता केला. अस्थी गेल्या, राख गेली. थोडी तळाशी चिकटून राहिली होती.

"बेटा, थोड़ा ठोक दो नीचे से," गुरुजी म्हणाले, "निकल जाएगी."

तिने तांब्या उलटा केला आणि तळावर मुठीने मारलं. ठक ठक. राख पाण्यात पडली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. माझं पण झालं. हे गेल्यापासून जे रडू येत नव्हतं ते तिथे आलं, पाण्यात उभी राहून, गुरुजींसमोर, मोठ्याने.

आता गाडी दुरुस्त होऊन आली आहे. लेकीचं पक्कं लायसन्सही आलं. सकाळी ती ऑफिसला निघते तेव्हा मी खाली उतरते, काहीतरी निमित्त काढून. ती किल्ली अर्धी फिरवते, दिवे पेटतात, मग इंजिन चालू होतं आणि ती हँडब्रेक सोडते. तो लाल गोल विझेपर्यंत मी खिडकीवरचा हात काढत नाही. विझला की म्हणते, "जा आता." ती जाते. परवा निघताना ती म्हणाली, "आई, तुझा रंग उतरलाय, काय होतंय?" छातीत जरा जळजळत होतं. मी म्हणणार होते, काही नाही, संध्याकाळी बघू.

तिने इंजिन बंद केलं आणि शेजारचं दार उघडलं. "बस आत, आधी दवाखाना," म्हणाली. मी बसले.